उन्हाच्या हॉलमध्ये ओएलईडी घेताय?

राजारामपुरीतल्या आमच्या मावशींचा हॉल पश्चिमेला तोंड करून. दुपारी तीननंतर मोठ्या खिडकीतून ऊन थेट टीव्हीवर. शोरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओएलईडीचा गडद काळा रंग बघून त्या हरखल्या होत्या. मी म्हटलं, जरा थांबा.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतोही, म्हणून काळा खरा काळा. साध्या एलईडी टीव्हीत एलसीडी पडद्यामागे दिवे असतात, त्यातला थोडा उजेड काळ्या भागातूनही झिरपतो. पण हा फरक अंधारातच उठून दिसतो. हॉलमध्ये ऊन असलं, की काचेवरचं प्रतिबिंबच तो काळा रंग करडा करून टाकतं.

दुसरी गोम क्रिकेटमध्ये कळते. हिरवं मैदान सगळा पडदा व्यापतं, तेव्हा वीज आणि उष्णता आवरायला ओएलईडी आपली चमक आपोआप कमी करतो. चांगला एलईडी मात्र अख्खा पडदा उजळ ठेवतो. शिवाय तासन् तास एकाच जागी दिसणाऱ्या स्कोअरपट्टीचा किंवा चॅनेलच्या चिन्हाचा डाग ओएलईडीवर कायमचा उमटू शकतो.

घरचा जुना टीव्ही दुपारी बंद करून सोफ्यावरून बघा. त्यात खिडकी स्पष्ट दिसली, तर आधी जागा बदला किंवा जाड पडदा लावा. दोन्ही जमत नसेल, तर लोकल डिमिंगवाला, म्हणजे पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद करणारा, उजळ एलईडी घ्या. नुसता स्वस्तातला एलईडीही उन्हात फिकाच पडतो. मावशींनी लोकल डिमिंगवालाच घेतला. रात्रीच सिनेमे बघणाऱ्यांनी मात्र खुशाल ओएलईडी घ्यावा.