जर्नल क्लबमध्ये पेपर मांडताना या चुका टाळा: वुमन ट्रायलचं उदाहरण

ज्युनिअर रेझिडेंटची सगळ्यात घातक चूक म्हणजे ॲब्स्ट्रॅक्टमधला निष्कर्ष वाचून मत बनवायचं आणि मग त्या मताला साजेशा स्लाइड करायच्या. २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलेली वुमन ट्रायल घ्या. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव झालेल्या २१ देशांतल्या २०,०६० स्त्रियांना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड किंवा प्लासिबो दिला होता. तुमच्या रिझल्टच्या स्लाइडवर पहिलाच आकडा ‘रक्तस्रावाने मृत्यू १.५ विरुद्ध १.९ टक्के’ असेल, तर तुम्ही चुकलात.

मुळात ठरलेला प्रायमरी आउटकम वेगळा होता: कोणत्याही कारणाने मृत्यू किंवा गर्भाशय काढावं लागणं, दोन्ही मिळून. त्यात ५.३ विरुद्ध ५.५ टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. म्हणून आधी मेथड्समधला प्रायमरी आउटकम कागदावर लिहा, मगच रिझल्टचा तक्ता उघडा.

याची दुसरी बाजूही तितकीच चुकीची. ‘प्रायमरी निगेटिव्ह, सबब औषध निरुपयोगी’ म्हणून मोकळं होऊ नका. अनेकदा गर्भाशय काढायचा निर्णय रँडमायझेशनच्या वेळीच होत होता, तिथे औषध काय करणार? हे लक्षात आल्यावर संशोधकांनी रक्तस्रावाने होणाऱ्या मृत्यूंवर भर देऊन सॅम्पल १५,००० वरून २०,००० केलं. मधेच भर बदलला की सावध व्हायलाच हवं, पण इथलं कारण वैद्यकीयदृष्ट्या पटणारं आहे. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच स्लाइडवर शेजारी मांडाव्यात.

आता ‘मृत्यू १९ टक्क्यांनी घटले’ हे वाक्य. रिलेटिव्ह रिस्क ०.८१ आहे, हे खरं. पण मृत्यू १०,०३६ पैकी १५५ आणि ९,९८५ पैकी १९१. प्रत्यक्ष फरक सुमारे ०.३७ टक्के, म्हणजे एक मृत्यू टाळायला साधारण २७० जणींना औषध द्यावं लागेल. कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६५ ते १.००, वरचं टोक थेट एकवर. ‘पी ०.०४५, सिग्निफिकंट’ एवढंच म्हणून पुढे गेलात, तर सर याच आकड्यावर अडवतील.

सबग्रुपवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, पण प्रसूतीपासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांचा सबग्रुप गाळू नका. त्या वेळेत औषध मिळालेल्यांत मृत्यू १.२ विरुद्ध १.७ टक्के, उशिरा मिळालेल्यांत फायदा दिसला नाही. अपघातातल्या रुग्णांवरच्या क्रॅश-२ मध्येही उशिरा दिलेल्या औषधाचा फायदा दिसला नव्हता. स्वतंत्र ट्रायलमध्ये तोच कल दिसला की सबग्रुपला वजन येतं.

शेवटची स्लाइड ‘थँक यू’ची नको. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयातून रेफर होऊन येणाऱ्या बाईची प्रसूतीची वेळ रेफरल चिठ्ठीवर असते का, आणि पहिला एक ग्रॅमचा डोस तिथेच दिलेला असतो का, हे लेबर रूमच्या रजिस्टरमधून काढून त्या स्लाइडवर मांडा.