‘एक तृतीयांश मृत्यू टळले’ ही बातमी कशी वाचावी

जून २०२० मध्ये ब्रिटनमधून बातमी आली की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे एक तृतीयांश मृत्यू टळतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा तो निष्कर्ष होता. ‘एक तृतीयांश’ म्हणजे नक्की काय, हे आपण त्या चाचणीचेच आकडे घेऊन पाहू. पाचवीतल्या गणिताएवढी तयारी पुरे.

आधी माणसं मोजा

टक्क्यांना हात लावण्याआधी माणसं मोजायची. व्हेंटिलेटरवरच्या ६८३ जणांना नेहमीचे उपचार मिळाले आणि २८ दिवसांत त्यातले २८३ दगावले. म्हणजे शंभरात सुमारे ४१. डेक्सामेथासोन मिळालेल्या ३२४ जणांपैकी ९५ दगावले, म्हणजे शंभरात सुमारे २९.

४१ मधून २९ गेले, उरले १२. ही निव्वळ घट. दर शंभर रुग्णांमागे १२ जीव वाचले, म्हणजे साधारण आठ जणांना औषध दिलं की एक जास्त जण वाचतो. रुग्णाच्या नातेवाइकाला खरं तर हाच आकडा हवा असतो.

आता तेच १२ मूळच्या ४१ च्या तुलनेत पाहा: सुमारे २९ टक्के. ही सापेक्ष घट. बातम्यांना आणि जाहिरातींना ही जास्त आवडते, कारण ती नेहमी मोठी दिसते. शंभरातले दोन मृत्यू एकावर आले तरी ‘धोका निम्म्यावर’ असं छापता येतं, आणि ते खोटंही नसतं.

इथे चाणाक्ष वाचक अडेल: आपलं उत्तर २९ टक्के आलं, मग बातमीत ‘एक तृतीयांश’ आणि शोधनिबंधात तर ३६ टक्के घट का? कारण संशोधकांनी दोन गटांतल्या वयांचा फरक हिशेबात धरला, आणि मृत्यू झाला एवढंच न पाहता तो कितव्या दिवशी झाला हेही मोजलं. तेव्हा आपला भागाकार आणि छापलेला आकडा थोडा वेगळा आला तर लगेच घोटाळ्याचा संशय नको.

मग पट्टा बघा

निबंधात ही ३६ टक्के घट ०.६४ अशी लिहिलेली असते: औषधाविना धोका १ धरला तर औषधाने तो ०.६४. शेजारी कंसात असतं ०.५१ ते ०.८१. हा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल.

शितावरून भाताची परीक्षा करतो तशी चाचणी थोड्या रुग्णांवरून सगळ्यांचा अंदाज बांधते. दुसरी शितं उचलली असती तर आकडा थोडा हलला असता. किती हलू शकतो, ते हा पट्टा सांगतो. खरी घट १९ टक्क्यांएवढी कमी किंवा ४९ टक्क्यांएवढी जास्त असली तरी हाती आलेल्या माहितीशी ते जुळतं. अशा रीतीने शंभर चाचण्यांमधून शंभर पट्टे काढले, तर साधारण ९५ पट्ट्यांत खरा आकडा सापडेल.

शितं कमी तितका पट्टा रुंद. आणि पट्ट्यात १ आला, तर औषधाने काहीच फरक पडत नाही ही शक्यता उरते.

पी व्हॅल्यू सगळ्यात शेवटी

लोक नेमके तिथूनच सुरू करतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधल्या फरकाचा पी ०.००१ पेक्षा कमी होता. नाणं हातात घ्या. सलग दहा वेळा छापा पडला तर तुम्ही नाण्याकडे संशयाने बघाल, कारण चांगल्या नाण्याबाबत असं होण्याची शक्यता १०२४ मध्ये १ आहे. पी व्हॅल्यूचा विचार असाच चालतो: औषधाचा काही उपयोगच नाही असं धरून चालू, मग निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? इथे हजारात एकाहूनही कमी.

‘औषध निरुपयोगी असण्याची शक्यता हजारात एक’ असा याचा अर्थ नाही. ही चूक डॉक्टरांकडूनही होते. फायदा किती मोठा, हेही पी सांगत नाही. हजारो रुग्ण घेतले तर किरकोळ फरकाचाही पी छोटा येतो.

तुमचा रुग्ण कुठल्या गटातला?

याच चाचणीत व्हेंटिलेटरवर नसलेल्यांचा आणखी एक गट होता: इस्पितळात दाखल, पण ऑक्सिजनही न लागलेले. त्यांच्यात औषध घेतलेल्यांपैकी १७.८ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी १४. आकडा १.१९, पट्टा ०.९२ ते १.५५. पट्ट्यात १ आहे, म्हणून नुकसान सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. पण पट्ट्याचा मोठा भाग १ च्या वर, नुकसानीच्या बाजूला आहे. फायदा झालाच तर ८ टक्के, तोटा झाला तर ५५ टक्क्यांपर्यंत.

हा निकाल २०२० मध्येच छापून आला होता. तरीही २०२१ च्या लाटेत आपल्याकडे ऑक्सिजनची पातळी उत्तम असलेल्या कितीतरी लोकांनी घरबसल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, कारण लक्षात राहिलं होतं ते फक्त ‘एक तृतीयांश’.