बीपीचा ‘खालचा’ म्हणजे ‘लो’ नव्हे : दोन आकडे वाचताना या चुका टाळा

डॉक्टर चिठ्ठीवर 154/98 लिहितात आणि तोंडी सांगतात, “वरचा एकशे चोपन्न, खालचा अठ्ठ्याण्णव. मीठ कमी करा, पंधरा दिवसांनी परत दाखवा.” एवढ्यावर पेशंट बाहेर येतो. पुढे घरी, पारावर आणि मेडिकलच्या काउंटरवर त्या दोन आकड्यांचे जे अर्थ निघतात, ते ऐकून ऐकून कान किटले आहेत.

‘खालचा’ ऐकून ‘लो’ समजणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोष पेशंटचा कमी, भाषेचा जास्त. डायस्टोलिकला, म्हणजे दुसऱ्या आकड्याला, आपण ‘खालचा’ म्हणतो, आणि ‘लो बीपी’ला ‘बीपी खाली गेला’ म्हणतो. शब्द एकच, अर्थ दोन.

जिंतूर तालुक्यातल्या एका चोपन्न वर्षांच्या शेतकऱ्याचं घ्या. गेले होते दाढ दाखवायला. दाढ काढण्याआधी बीपी पाहिला तर 154/98. चिठ्ठी घेऊन घरी आले. भावकीतल्या एका जाणत्यानं ती वाचली आणि निदान केलं, “खालचा शंभराच्या आत आलाय काका, लो झालाय. तरीच तुमचं डोकं जड पडायलंय.” दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सुरू झालं. ग्लासात अर्धा चमचा मीठ, म्हणजे साधारण अडीच-तीन ग्रॅम. दोन ग्लासांचे पाच-सहा ग्रॅम झाले. मोठ्या माणसानं दिवसभरात सगळं धरून पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं सांगतात. इथं तो सगळा कोटा नुसत्या सरबतातच संपला. ठेचा, लोणचं, पापड आणि भाजीतलं मीठ वेगळं. पंधरा दिवसांऐवजी तीन आठवड्यांनी परत दाखवलं तेव्हा आकडा होता 172/106. “हे काय खायले-प्यायले तुम्ही?” असं विचारल्यावर काकूंनी कौतुकानं सरबताचं सांगितलं.

आता 98 म्हणजे काय ते पाहू. पाठीवरचा हातानं मारायचा फवारणी पंप सगळ्यांनी पाहिलेला असतो. दांडा मारला की नोझलमधून जोरात फवारा जातो. दांडा वर घेताना फवारा थोडा मंदावतो, पण तुटत नाही, कारण आतल्या चेंबरमधली दाबलेली हवा पाणी ढकलत राहते. हृदयाचंही असंच आहे. ते आकुंचन पावतं तेव्हा धमन्यांत जो सगळ्यात जास्त दाब चढतो तो सिस्टोलिक, म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडून भरत असतं, रक्त बाहेर सोडणारी झडप मिटलेली असते, तेव्हा ताणलेल्या धमन्या स्वतः आवळून रक्त पुढं ढकलतात. पुढचा ठोका पडायच्या आधी जो सगळ्यात कमी दाब उरतो तो डायस्टोलिक, म्हणजे खालचा. खालचा आकडा वरच्यापेक्षा लहान असणारच. त्यावरून बीपी कमी आहे असं ठरत नाही.

98 हा खालच्यासाठी जास्तच आहे. दवाखान्यात मोजताना वरचा 140 किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा 90 किंवा त्याहून जास्त वेगवेगळ्या दिवशी परत परत निघाला, तर आपल्याकडे त्याला वाढलेला बीपी म्हणतात. 120/80 च्या आत चांगला. मधल्यांनी लक्ष ठेवायचं. ‘लो’ साधारण 90/60 च्या खाली म्हणतात, आणि तेही चक्कर, अंधारी असा त्रास होत असेल तरच त्याला महत्त्व. खालच्या आकड्याची तुलना शंभराशी करू नका, नव्वदशी करा. चिठ्ठी हातात आली की आकड्यांपुढं ‘वरचा जास्त, खालचा जास्त’ असं डॉक्टरांकडूनच मराठीत लिहून घ्यावं. त्यांना दहा सेकंद लागतात, आणि भावकीतल्या जाणत्याला वाव राहत नाही.

“वय अधिक शंभर” हा हिशोब

अडुसष्ट वर्षांच्या आजी, बीपी 168/70. घरचे म्हणतात, “वयाप्रमाणं बरोबर आहे, खालचा तर एकदम चांगला आहे.” हा हिशोब चुकीचा आहे, आणि तो सांगणारे बहुतेक ठणठणीत तरुण असतात.

परत पंपाकडं या. चेंबरमधली हवा निघून गेली की दांडा मारताना फवारा उसळतो आणि दांडा सोडला की लगेच पडतो. वय वाढतं तशा मोठ्या धमन्या कडक होतात आणि नेमकं हेच घडतं. ठोक्याचा मार सोसायला लवचीकपणा उरत नाही म्हणून वरचा चढतो, आणि मधल्या वेळात ढकलायला जोर उरत नाही म्हणून खालचा उतरतो. त्यामुळं 168/70 मधला 70 हा चांगलेपणाचा दाखला नाही. दोन आकड्यांतलं अंतर 98 आहे, आणि ते धमन्या ताठ झाल्याचं सांगतंय. उतारवयात लकवा आणि हृदयाच्या त्रासाचा धोका वरच्या आकड्यावरून जास्त कळतो.

दोन्हींपैकी जो जास्त बिघडलेला, त्यावरून दर्जा ठरतो. 150/78 हाही वाढलेलाच आणि 132/96 हाही. “एक तर बरोबर आहे ना” असं म्हणून सूट मिळत नाही.

पोचल्या पोचल्या दंडाला पट्टा

काळी-पिवळीत कोंबून पंचवीस किलोमीटर आलेला माणूस, गालात तंबाखूचा बार, लघवी दाबून धरलेली, खुर्चीत टेकला की शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा. मशीन गुरगुरत असताना तो सोयाबीनचा भाव सांगतोय. यातून निघालेल्या आकड्यावर गोळी ठरवायची, की तो खोटा म्हणून सोडून द्यायचा? दोन्ही चूक. नीट मोजायचा.

चहा, तंबाखू, मिश्री, बिडी यांतलं काहीही अर्धा तास आधीपासून नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा ठेवायचा. पट्टा कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. हात टेबलावर असा टेकवायचा की पट्टा छातीच्या मध्याला येईल. हात लोंबकळत ठेवला आणि पट्टा हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली गेला तर आकडा साधारण आठनं जास्त येतो. तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाबच तेवढा असतो. दंडाचा घेर बत्तीस सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आवळून बसवला तर आकडा फुगतो.

एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. पहिला बहुतेक वेळा जास्त येतो. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर पाहून घ्यायचं आणि पुढं ज्या दंडावर जास्त येतो त्याच दंडावर मोजायचं.

जिंतूरच्या काकांचं सरबत बंद केलं आणि घरी दंडाचं मशीन आणलं. सात दिवस सकाळी दोन आणि रात्री दोन, असे वहीत अठ्ठावीस आकडे झाले. पहिल्या दिवसाचे चार सोडून द्यायचे, कारण त्या दिवशी माणूस मशीनलाच भितो. उरलेल्या चोवीसांची सरासरी आली 147/94. घरच्या मोजणीसाठी रेघ थोडी खाली असते, 135/85. काकांचे दोन्ही आकडे तिच्या वर होते, म्हणून गोळी सुरू झाली. सात दिवस धीर नसलेले लोक एका संध्याकाळी अकरा वेळा मोजतात आणि अकराव्या वेळी आलेला सगळ्यात कमी आकडा डॉक्टरांना दाखवतात. त्या वहीचा काही उपयोग नाही.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

मशीनवर SYS म्हणजे वरचा, DIA म्हणजे खालचा, आणि PULSE म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. तिसऱ्या आकड्याला बीपी समजून घाबरणारेही भेटतात.

147/94 आला तर वहीत 140/90 लिहू नका. गोल करताना लोक आपल्या सोयीच्या बाजूनंच करतात.

आकडा 128/80 आला म्हणून गोळी सोडली, ही रडकथा दर आठवड्याला ऐकायला मिळते. तो 128 गोळीमुळंच आहे.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. त्यांनी बीपी वाढतो, आणि डॉक्टर मात्र बीपीची गोळी वाढवत बसतात.

180/120 च्या वर आकडा आला तर पाच मिनिटं बसून परत मोजा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं किंवा बोबडं बोलणं असेल तर परत मोजत बसू नका, 108 ला फोन करा. त्रास काही नसेल पण आकडा तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बीपी झटक्यात उतरवायला जिभेखाली कॅप्सूल फोडण्याचा जुना उद्योग अजून काही ठिकाणी चालतो. दाब एकदम कोसळला की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं. तो उद्योग करू देऊ नका.

खरंच लो झाला तर

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा चव्वेचाळीसला टेकतो, अंगातून घाम गळत असतो आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असते. अशा वेळी बाजेवरून उठताना अंधारी येत असेल तर ती नुसती बसून मोजून सापडत नाही. आधी पाच मिनिटं आडवं पडून मोजा. मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजा. शेजारी कुणीतरी धरायला असू द्या. वरचा वीसनं किंवा खालचा दहानं उतरला, म्हणजे 138/84 चा 112/74 झाला, तर दोन्ही आकडे वहीत वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळीचं प्रमाण किंवा वेळ बदलायची का ते ते ठरवतील. तोवर आधी उठून बसायचं, पाय खाली सोडून मिनिटभर थांबायचं आणि मग उभं राहायचं.