स्वेटर पेटीत ठेवताना: डांबर गोळी, कडुनिंब की देवदार?

खान्देशात होळी झाली की स्वेटर-शाली पेटीत जातात. त्यांना भोकं पाडतो तो उडणारा पतंग नव्हे, त्याची अळी. तिला घामाचे, तेलाचे डाग लागलेली लोकर विशेष आवडते. म्हणून आधी कपडे धुवा आणि उन्हात दोन-तीन तास उलटसुलट वाळवा. शिवणी, कॉलर ब्रशने झाडा, अंडी तिथेच असतात. रेशमी साडी मात्र सावलीतच. आपल्याकडच्या उन्हात रंग उडतो.

डांबर गोळीचा वायूच कीड मारतो, त्यामुळे ती घट्ट झाकणाच्या पेटीतच कामाची. उघड्या कपाटात नुसता वास, तोही आपल्याच नाकात. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून गोळ्या सुती फडक्यात बांधून सगळ्यात वर ठेवा. जरीला टेकू देऊ नका. बाळाच्या दुपट्या-टोपड्यांत तर अजिबात नको: काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

कडुनिंबाचा पाला किडीला थोडा दूर ठेवतो, आत शिरलेल्या अळीला मारत नाही. ओला पाला घातलात तर साडीवर डाग आणि बुरशी. सावलीत कुरकुरीत वाळवून पुरचुंडीतच ठेवा. देवदाराच्या ठोकळ्याचं बळ त्याच्या तेलात. वास मंदावला की पॉलिश पेपरने घासा. मोठ्या अळीपुढे त्याचंही फारसं चालत नाही.

पैठणीसाठी मी गोळी टाळते. स्वच्छ मलमलीत गुंडाळायची, वर पाल्याची पुरचुंडी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून घडी बदलायची. घडीत वाळूसारखे कण किंवा बारीक जाळी दिसली, तर पेटी त्याच दिवशी रिकामी करा.