बबल चार्टमध्ये आकडा थेट रेडियसला लावताय? या चुका टाळा

गोव्याच्या नकाशावर तालुकावार लोकसंख्येचे गोल काढायचेत असं समजा, 2011 च्या जनगणनेचे आकडे घेऊन. सासष्टी 2,94,464 आणि काणकोण 45,172. (धारबांदोडा या आकड्यांत वेगळा नाही, त्यामुळे तालुके 11 च.) भागाकार केला की सासष्टी काणकोणच्या साधारण साडेसहा पट येते, म्हणजे नकाशा बघणाऱ्याला पण तेवढाच फरक दिसायला हवा. पण बरेच जण काय करतात, सगळ्यात मोठ्या गोलाचा रेडियस 40 पिक्सेल ठरवतात आणि बाकीच्यांचे रेडियस सरळ त्याच प्रमाणात कमी करत जातात. काणकोणचा येतो 6 पिक्सेल. हिशोब वरवर बरोबरच वाटतो ना, 40 भागिले 6 म्हणजे साडेसहाच्या आसपासच, पण डोळा रेडियस बघतच नाही, तो बघतो रंगाने भरलेली जागा, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ रेडियसच्या वर्गाने वाढतं. पोळी दुप्पट रुंद लाटायची, जाडी तीच ठेवायची, तर पीठ चौपट लागतं, तसंच हे. मग साडेसहाचा वर्ग म्हणजे जवळपास 42. नकाशावर सासष्टी काणकोणच्या 42 पट दिसते!

यातला खरा घोळ दोन गोलांपुरता नाही, पूर्ण नकाशाचं चित्रच बदलतं. सासष्टी, बार्देश, तिसवाडी, फोंडा आणि मुरगाव या पाच तालुक्यांत मिळून त्या वर्षी राज्यातले साधारण 71 टक्के लोक होते. उरलेल्या सहांत, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि काणकोणमध्ये, 4,29,031 लोक, साधारण 29 टक्के. आता चुकीच्या पद्धतीने काढलेल्या सगळ्या गोलांचं क्षेत्रफळ मिळवून बघा, या सहा तालुक्यांच्या वाट्याला जेमतेम साडेबारा टक्के जागा येते. सव्वाचार लाखांवर माणसं, आणि नकाशा बघणाऱ्याला वाटणार की तिथे वस्ती नावालाच आहे. बस किंवा दवाखान्याचं प्लॅनिंग अशा नकाशावरून कोणी केलं तर नुकसान कोणाचं होणार ते उघड आहे. म्हणून मला ही चूक किरकोळ वाटत नाही, आकडा एकही खोटा नसताना चित्र खोटं होतं.

उपाय एका वर्गमुळाचा. लीफलेटमध्ये `circleMarker` चा `radius` पिक्सेलमध्ये असतो आणि तो तुम्ही द्याल तोच घेतो, तुमच्यासाठी काही मोजत बसत नाही, तर असं लिहा:

```js
var max = 294464, R = 40;
L.circleMarker([lat, lon], {
  radius: R * Math.sqrt(pop / max)
}).addTo(map);
```

आता काणकोणचा रेडियस 6 वरून 15.7 वर जातो, सत्तरीचा (63,817) 8.7 वरून 18.6 वर. बार्देशचा मात्र 32 चा 36 होतो, फार फरक नाही. म्हणजे रेडियसच्या चुकीत मार बसतो तो लहानांनाच. चार्ट.जेएसमध्ये बबलचा `r` पण पिक्सेलमधला रेडियसच आहे, तिथेही वर्गमूळ आपणच काढायचं.

पण सगळीकडे डोळे झाकून वर्गमूळ मारू नका, ही दुसरी चूक, आणि ती पहिली चूक कळलेली माणसंच जास्त करतात. मॅटप्लॉटलिबच्या `scatter` मधला `s` आधीच क्षेत्रफळाच्या मापात असतो, तिथे आकडा सरळ प्रमाणात द्यायचा. त्यात वर्गमूळ घातलंत तर उलटं होतं, सासष्टी काणकोणच्या फक्त अडीच पट दिसते आणि सगळे तालुके जवळपास सारखेच वाटायला लागतात. प्लॉटलीत `sizemode` काही सांगितलं नाही तर तो `diameter` धरतो, म्हणून `'area'` असं स्पष्ट लिहायचं, मात्र प्लॉटली एक्सप्रेस वापरत असाल तर ते आधीच क्षेत्रफळाने काम करतं. एक्सेल पण मुळात क्षेत्रफळच घेतं, तरी कोणीतरी बदलून ठेवलेली फाइल आली असेल तर बबलवर राइट क्लिक करून `Format Data Series` मध्ये जा आणि `Size represents` खाली `Area of bubbles` निवडलंय ना ते बघून घ्या, `Width of bubbles` असेल तर तीच 42 पटवाली गडबड.

तिसरी चूक पकडायला जरा अवघड, कारण कोडमध्ये वर्गमूळ असतं आणि तरी चार्ट चुकतो. लहान गोल दिसेनासे होतात म्हणून लोक कमीत कमी साइझ ठरवून देतात. आर वापरणाऱ्यांनी जीजीप्लॉटचं `scale_size` बघा, ते क्षेत्रफळानेच चालतं, पण त्याची रेंज मुळात 1 ते 6 आहे, डेटातला सगळ्यात लहान आकडा 1 ला बसतो आणि सगळ्यात मोठा 6 ला. म्हणजे क्षेत्रफळात फरक जवळपास 36 पट, मग खरा फरक साडेसहा पट असो नाहीतर दुप्पट असो! सगळ्यात लहान आकड्याला शून्यासारखं वागवल्यामुळे हे होतं. तिथे `scale_size_area()` वापरा, त्यात शून्याला शून्य साइझ मिळते आणि प्रमाण जागेवर राहतं. डी3 मध्ये पण तसंच, `scaleSqrt` घेतलात तरी डोमेन आणि रेंज दोन्ही शून्यापासून सुरू करायची:

```js
d3.scaleSqrt().domain([0, 294464]).range([0, 40])
```

लहान गोल फारच बारीक येत असतील तर 40 चे 50 करा, रंग थोडा पारदर्शक ठेवा म्हणजे एकमेकांवर आलेले मडगाव-वास्को बाजूचे गोल पण दिसतील, पण फक्त लहानांना वर उचलू नका.

चार्ट बरोबर आहे की नाही हे कोड न वाचताही कळतं. स्क्रीनशॉट घ्या, दोन गोलांची रुंदी मोजा, भागाकार करा आणि त्याचा वर्ग काढा. तो आकड्यांच्या भागाकाराशी जुळला पाहिजे. सासष्टी 80 पिक्सेल रुंद आणि काणकोण 31, भागाकार 2.6 च्या जवळ, वर्ग साडेसहाच्या आसपास, म्हणजे ठीक. रुंदीचाच भागाकार साडेसहा आला तर रेडियसची चूक, आणि दोन्हीतलं काहीच जुळत नसेल तर आधी रेंज शून्यापासून आहे का ते तपासा. गोलांना जाड बॉर्डर असेल तर ती मोजताना धरू नका, बारीक गोलांत तेवढ्यानेही हिशोब हलतो.

एवढं सगळं करूनही एक अडचण उरते. माणसाला क्षेत्रफळातला फरक नेहमी थोडा कमीच भासतो, साडेसहा पट मोठा गोल बघून बरेच जण पाच पट म्हणतील. नकाशे काढणाऱ्यांत यावर जेम्स फ्लॅनरी यांची दुरुस्ती प्रसिद्ध आहे, वर्गमुळाच्या 0.5 घाताऐवजी साधारण 0.57 घ्यायचा, म्हणजे मोठे गोल मुद्दाम थोडे आणखी मोठे होतात. मी स्वतः ती वापरत नाही, कारण प्रत्येकाचा डोळा वेगळा आणि मग वरची रुंदी मोजून बघायची टेस्टही जुळत नाही. त्यापेक्षा मोठ्या गोलांत आकडाच लिहावा, काणकोण-सत्तरीसारख्यांच्या बाजूला लिहावा, आणि लेजंडमध्ये एक गोल न ठेवता तीन ठेवावेत, 50 हजार, 1 लाख आणि 3 लाखांचे, त्याच फॉर्म्युल्याने काढलेले. लेजंड वेगळ्या कोडने हाताने काढलं असेल तर त्यातले गोल पण एकदा मोजून घ्या, नकाशा दुरुस्त करून लेजंड जुन्या रेडियसवरच राहिलं असं पुष्कळदा होतं.