तानपुरा विमानाने नेताना: सीट की हार्ड केस?

आधी टेप घेऊन लांबी मोजा. पुरुषी तानपुरा साधारण पाच फुटांचा. तो सीटवर पट्ट्यात बसवणं कठीणच, त्यामुळे हार्ड केसला पर्याय नाही. लहान बायकी तानपुऱ्यासाठी मात्र सीटचा खर्च मला पटतो. ती सीट वेबसाइटवर न घेता विमान कंपनीला फोन करून, मापं सांगून घ्या आणि मंजुरी लेखी मागा. कनेक्टिंग विमान छोटं असेल तर त्याचंही विचारा.

केसमध्ये द्यायचाच, तर लक्ष भोपळ्याच्या गळ्याकडे. केस आपटली की दांडीला हिसका बसतो आणि तडा बहुधा तिथेच जातो. म्हणून गळ्याखाली आणि खुंट्यांच्या दोन्ही बाजूंना घट्ट गुंडाळलेले टॉवेल भरा. केस बंद करून हलवा; आतून थोडासाही धक्का जाणवला तर अजून भरा. तारा दोन-तीन सुरांनी उतरवा, पण पूर्ण सैल करू नका, कारण घोडी तारांच्या दाबावरच उभी असते. ती निसटून तबलीवर आपटली की जवारीही गेली. उतरल्यावर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी केस उघडून गळा बघा. तक्रार तिथेच नोंदवायची असते.