हंगेरियन सहकाऱ्याला नेमडे विश कसा करायचा

बुडापेस्टच्या टीमसोबत काम करत असाल तर हे लक्षात ठेवा, तिथे बर्थडेसोबत प्रत्येकाचा 'नावाचा दिवस', म्हणजे नेमडे पण असतो. कॅलेंडरमध्ये रोजच्या तारखेखाली नावं छापलेली असतात, म्हणजे 25 नोव्हेंबर हा सगळ्या कॉतॉलिन नावाच्या बायकांचा. त्यामुळे बर्थडे जवळच्यांनाच माहीत असतो, वयाचा विषय निघतो, पण नेमडे ऑफिसात सगळ्यांनाच कळतो आणि फार ओळख नसली तरी विश केलेलं अजिबात आगाऊपणाचं वाटत नाही, उलट छान वाटतं त्यांना.

चॅटवर एवढंच टाका: Boldog névnapot, Kati!

तोंडाने म्हणायचं तर 'बोल्दोग नेऽव्हनॉपोत', जोर प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला. कॉति हे कॉतॉलिनचं घरगुती रूप, ऑफिसात सगळे तिला तसंच हाक मारत असतील तर तुम्ही पण तेच वापरा. साहेब लोकांना किंवा फॉर्मल मेलमध्ये névnapot च्या लगेच पुढे kívánok (किवानोक) जोडा, आणि नाव सोडून दिलं तरी चालतं.

एक गडबड मात्र होते बघा. मारियासारख्या काही नावांना वर्षात बऱ्याच तारखा असतात आणि माणूस त्यातली एकच पाळतो, म्हणून नुसतं कॅलेंडर बघून विश करू नका, टीममधल्या कुणाला तरी आधी विचारा. फुलं नेणार असाल तर विषम संख्येत न्या आणि शेवंती नको, ती तिकडे कबरीवर वाहतात.